समोर काही नाही, की काही दिसत नाही?

मामाच्या घरामागे, आंब्याच्या बागेला लागून थोडी मोकळी जागा आहे. तिथे दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये आम्ही आजीची जुनी गोधडी ताणून बांधली होती. ड्रोन तिच्या दिशेने सोडायचा आणि तो आपणहून दोन मीटर अलीकडे थांबतो का, ते पाहायचं. सकाळपासून आठ वेळा तो नीट थांबला होता. नवव्या वेळी थांबला नाही. सरळ जाऊन गोधडीत घुसला, दोन पाती मोडली, आणि पंख्यांत चिंध्या अडकल्यावर धप्पकन खाली पडला.

कॅमेरा बिघडला नव्हता, उड्डाण-नियंत्रकही बिघडला नव्हता. कॅमेऱ्याची यूएसबी केबल थरथरीने सैल होऊन निसटली होती, एवढंच. कॅमेऱ्याकडून चित्र यायचं थांबलं, तेव्हा मी लिहिलेल्या प्रोग्रॅमने शेवटचं चांगलं चित्र धरून ठेवलं आणि तेच सेकंदाला पंधरा वेळा पुढे पाठवत राहिला. त्या चित्रात गोधडी पाच मीटरच्या पलीकडे होती. नियंत्रकाला दर वेळी ताजा निरोप मिळत होता की रस्ता मोकळा आहे. चूक माझी होती आणि ती चार ओळींची होती. त्या चार ओळी या सगळ्या विषयाच्या मध्यभागी बसलेल्या आहेत, म्हणून हा लेख त्यांच्याभोवतीच फिरणार आहे.

आधी यंत्राची ओळख करून देतो. घरी जुळवलेल्या ड्रोनमध्ये एक उड्डाण-नियंत्रक असतो. आमच्याकडे पिक्सहॉक जातीचा आहे आणि त्यावर पीएक्स४ ही खुली प्रणाली चालते. तोल सांभाळणं, मोटारींना हुकूम देणं, जीपीएसवरून जागा धरून ठेवणं ही कामं तो करतो. पण त्याला डोळे नाहीत, आणि चित्रांवर प्रक्रिया करण्याइतकी ताकदही त्याच्या छोट्या प्रोसेसरमध्ये नाही. म्हणून शेजारी एक दुसरा, जरा दणकट संगणक बसवतात. त्याला सोबती संगणक म्हणू. आम्ही रास्पबेरी पाय ४ वापरला. त्याला यूएसबीने जोडलेला खोली मोजणारा कॅमेरा म्हणजे रियलसेन्स डी४३५आय. कॅमेरा चित्र देतो, सोबती संगणक त्यातून अंतरं काढतो आणि ती एका तारेवरून नियंत्रकाला कळवतो. थांबायचं की वळायचं, हा निर्णय मात्र नियंत्रकच घेतो. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. पाय हा शेवटी लिनक्स चालवणारा साधा संगणक आहे, तो मध्येच अडकू शकतो. ड्रोन हवेत ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर असता कामा नये.

हा कॅमेरा अंतर कसं मोजतो, ते समजलं की तो कुठे फसेल याचा अंदाज आपला आपल्याला येतो. नाकासमोर अंगठा धरा आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर डावीउजवीकडे उड्या मारताना दिसेल. अंगठा लांब नेला की उडी लहान होते. कॅमेऱ्यातही दोन डोळे आहेत, एकमेकांपासून ५० मिलिमीटरवर. डाव्या चित्रातला एखादा ठिपका उजव्या चित्रात किती सरकला, हे तो शोधतो आणि त्यावरून अंतर काढतो. ८४८ गुणिले ४८० ठिपक्यांच्या चित्रात दोन मीटरवरची वस्तू साधारण अकरा ठिपके सरकते, चार मीटरवरची पाच, आणि आठ मीटरवरची तीनपेक्षाही कमी. आता सरकणं मोजताना पाव ठिपक्याची चूक झाली असं धरा. दोन मीटरवर त्यामुळे पाचेक सेंटिमीटरचा फरक पडतो, चार मीटरवर वीसेक सेंटिमीटरचा, आणि आठ मीटरवर पाऊण मीटरचा. अंतर दुप्पट झालं की चूक चौपट होते. खोक्यावर दहा मीटरपर्यंतचा आकडा असला, तरी आम्ही पाच मीटरच्या पलीकडचं काहीच खरं धरत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एका चित्रातला ठिपका दुसऱ्या चित्रात ओळखू यायला हवा. त्यासाठी पृष्ठभागावर काहीतरी खूण, काहीतरी पोत हवा. गोधडी याच कामासाठी निवडली होती. टाके, ठिगळं, फुलं, उभेआडवे धागे असल्यामुळे कॅमेऱ्याला तिथे प्रत्येक ठिकाण वेगळं ओळखता येतं. गोधडी काढून तिच्या जागी पांढरी चादर लावली आणि भर उन्हात पाहिलं, तर खोलीच्या चित्रात चादरीच्या जागी मोठमोठी काळी भगदाडं दिसली. कॅमेऱ्याजवळ स्वतःचा अवरक्त प्रकाश आहे. कोऱ्या भिंतीवर तो ठिपक्यांची नक्षी टाकतो, आणि घरात त्याचा चांगला उपयोग होतो. दुपारच्या उन्हात ती नक्षी धुऊन निघते.

ही काळी भगदाडं म्हणजे शून्य. जिथे अंतर काढता आलं नाही, तिथे कॅमेरा शून्य लिहितो. कोरी चादर असो, काच असो, पाण्याचा पृष्ठभाग असो, निरभ्र आकाश असो, सगळ्यांना शून्यच. आणि वस्तू पाव मीटरच्याही आत आली, तर दोन्ही डोळ्यांतली चित्रं इतकी वेगळी होतात की तिथेही शून्यच येतं. म्हणजे अगदी तोंडावर आलेली भिंत आणि अथांग आकाश या दोन्हींची खूण एकच. नवखा माणूस प्रोग्रॅम लिहिताना काय करतो? शून्यं गाळून टाकतो आणि उरलेल्यांतलं सगळ्यात कमी अंतर घेतो. कागदावर हे अगदी रास्त दिसतं. प्रत्यक्षात असा ड्रोन पांढऱ्या भिंतीला रिकामी जागा समजतो.

दिवे गेल्यावर आपण ओळखीच्या घरातसुद्धा हात पुढे करून, पाऊल जपून टाकत चालतो. समोर काही नसेलही, पण दिसत नाही म्हणून थांबतो. ड्रोनला हेच शिकवायचं असतं. त्यासाठी लागणारी भाषा तयारच आहे. सोबती संगणक आणि नियंत्रक मॅव्हलिंक नावाच्या भाषेत बोलतात आणि तिच्यात `OBSTACLE_DISTANCE` नावाचा एक निरोप आहे. त्यात ७२ खाने असतात. ड्रोनभोवतीचं ३६० अंशांचं वर्तुळ पाच-पाच अंशांच्या फोडींत कापलं की बरोबर ७२ फोडी होतात, आणि प्रत्येक फोडीत सगळ्यात जवळचा अडथळा किती सेंटिमीटरवर आहे ते लिहायचं. आमच्या कॅमेऱ्याची नजर आडवी ८७ अंश पसरते, म्हणजे समोरच्या सतरा फोडी भरता येतात. उरलेल्या पंचावन्न फोडींबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही.

आता मेख इथे आहे. 'पाहिलं, आणि कमाल अंतरापर्यंत काही नाही' हे सांगायचं असेल, तर कमाल अंतरापेक्षा एक जास्त आकडा लिहायचा. आपली कमाल ५०० सेंटिमीटर असेल, तर ५०१. 'माहीत नाही' म्हणायचं असेल, तर ६५५३५. एवढासा फरक आहे, पण संपूर्ण सुरक्षितता त्यावर उभी आहे. आमच्या प्रोग्रॅममधला हा भाग असा आहे. `strip` म्हणजे एका फोडीत येणारे चित्रातले ठिपके, अंतर मीटरमध्ये.

```python
def value(strip):
    ok = strip[strip > 0.3]
    if ok.size < 0.5 * strip.size:
        return 65535          # माहीत नाही
    d = np.percentile(ok, 2)
    return 501 if d > 5 else int(d * 100)
```

एखाद्या फोडीतले निम्म्याहून जास्त ठिपके शून्य असतील, तर त्या फोडीबद्दल मत द्यायचं नाही. उरलेल्यांतला सगळ्यात लहान आकडा न घेता तळाचे दोन टक्के सोडून पुढचा घेतला आहे, कारण खोलीच्या चित्रात चुकार ठिपके उगवत असतात आणि त्यांच्यामुळे ड्रोन हवेत उगाच दचकत राहतो. याची किंमतही आहे, ती लपवत नाही. बारीक फांदी, वीजवाहक तार, द्राक्षबागेच्या मांडवाची तार यांचे ठिपकेच इतके थोडे असतात की ते या दोन टक्क्यांत वाहून जातात. मुळात चार मीटरवरची तीन मिलिमीटर जाडीची तार चित्रात एका ठिपक्याएवढीही जाड नसते. तारांपासून हा कॅमेरा वाचवत नाही. तारा असतील तिथे उडवू नये, याहून वेगळा उपाय मला माहीत नाही.

मधे आणखी एक गंमत होते, ती पहिल्या उड्डाणातच समोर येते. ड्रोन पुढे जाण्यासाठी नाक खाली करतो. नाक पंधरा-वीस अंश खाली गेलं की त्यावर घट्ट बसवलेला कॅमेराही खाली पाहू लागतो आणि त्याला जमीन दिसते. दोन मीटर उंचीवर उडणाऱ्या ड्रोनला जमीनच पाच मीटरच्या आत आलेला अडथळा वाटते. तो ब्रेक लावतो, नाक वर येतं, जमीन नाहीशी होते, तो पुन्हा वेग घेतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की ड्रोनला उचकी लागली आहे. यावर उपाय म्हणजे चित्राची मधली पट्टी न घेता क्षितिजाची पट्टी घ्यायची. नाक किती झुकलं ते नियंत्रकच `ATTITUDE` या निरोपात सांगत असतो. पंधरा अंश झुकला, तर क्षितिज चित्रात साधारण ११५ ठिपके वर सरकतं. पट्टीही तेवढी वर घ्यायची. याचा दुसरा फायदा असा की पट्टी क्षितिजालगत राहिली तर आकाशही फार येत नाही. नाहीतर मोकळ्या मैदानात आकाशाची शून्यं मोजून ड्रोन 'माहीत नाही' म्हणत बसतो आणि जागचा हलत नाही.

आता नियंत्रकाकडे येऊ. पीएक्स४मध्ये टक्कर टाळण्याची सोय आधीपासून आहे. ती `Position` मोडमध्ये, म्हणजे माणूस रिमोट हातात धरून उडवत असताना चालते. आम्ही ठेवलेली मूल्यं ही:

```
CP_DIST         2.0
CP_DELAY        0.4
CP_GUIDE_ANG    30
CP_GO_NO_DATA   0
MPC_VEL_MANUAL  3.0
```

पहिलं मूल्य अडथळ्यापासून राखायचं अंतर, मीटरमध्ये. दुसरं म्हणजे कॅमेऱ्याने पाहिल्यापासून ड्रोनने प्रत्यक्ष ब्रेक लावेपर्यंत जाणारा वेळ, सेकंदांत. तिसऱ्यामुळे ड्रोनला थोडी वाट वाकडी करायची मुभा मिळते. तुम्ही काठी सरळ पुढे ढकलली आणि समोर खोड असेल, तर तीस अंशांपर्यंत डावी-उजवीकडे मोकळी वाट आहे का ते तो पाहतो आणि असेल तर तिकडून निसटतो. नसेल तर थांबतो. बागेत झाडांच्या दोन ओळींमधून जाताना हे फार सुरेख दिसतं. आपण काठी सरळच धरलेली असते, आणि ड्रोन खोडाला वळसा घालून पुन्हा ओळीत येतो.

पाचव्या मूल्याचा हिशेब मुद्दाम मांडतो. पीएक्स४मध्ये हाती उडवताना मूळची कमाल गती सेकंदाला दहा मीटर असते. ती तशीच ठेवली तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात जाईल. समजा ड्रोन सेकंदाला तीन मीटरने जातोय. ०.४ सेकंदाच्या उशिरात तो १.२ मीटर जाईल. मग सेकंदाला तीन मीटर अशा दराने वेग कमी करत थांबायला आणखी १.५ मीटर लागतील. राखायचे दोन मीटर धरून बेरीज ४.७ मीटर होते. आपण कॅमेऱ्यावर पाच मीटरपर्यंत विश्वास ठेवतो, म्हणजे जेमतेम बसलं. गती पाच मीटर केली, तर उशिरात २ मीटर, ब्रेकला ४.२ मीटर आणि वरचे दोन, असे सव्वाआठ मीटर लागतात. तेवढं आपल्याला नीट दिसतच नाही. वेग किती ठेवायचा हे मोटारींच्या ताकदीवर ठरत नाही, डोळ्यांच्या पोहोचीवर ठरतं.

चौथं मूल्य, `CP_GO_NO_DATA`, शून्य ठेवलं की जिकडची माहिती नाही तिकडे ड्रोन जात नाही. आमच्याकडे फक्त समोर पाहणारा कॅमेरा असल्यामुळे बाजूला आणि मागे जाणं बंद होतं. बाजूला जायचं असेल तर आधी नाक तिकडे वळवायचं आणि मग पुढे. सुरुवातीला याचा फार जाच होतो. कॅमेऱ्याच्या नजरेबाहेरच्या दिशांना जायची मुभा देण्यासाठी अनेक जण ते १ करून टाकतात. मग मागे घेताना झाडात जातात. मी ते शून्यच ठेवतो, आणि दोन-तीन दिवसांत हाताला सवय होते.

आता सगळ्यात नाजूक जागा: माहिती अर्ध्यावर तुटली तर? पीएक्स४ इथे मनापासून काळजी घेतो. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ अंतरांचा निरोप आला नाही, तर तो पुढच्या हालचालीला परवानगी देत नाही, आडवा वेग शून्यावर आणतो आणि जमिनीवरच्या पडद्यावर `No range data received, no movement allowed` असा इशारा देतो. पाच सेकंद निरोप आलाच नाही, तर `Hold` मोडमध्ये जाऊन आहे तिथे तरंगत राहतो. वरचाच हिशेब पुढे नेऊ. सेकंदाला तीन मीटरने जाताना, अडथळा ४.७ मीटरवर असताना केबल निसटली. पहिल्या अर्ध्या सेकंदात दीड मीटर जाईल, ब्रेक लागून आणखी दीड मीटर. अडथळ्यापासून १.७ मीटरवर थांबेल. वाऱ्याचा झोत आणि ड्रोनचा आळस धरला तरी मीटरभर अंतर उरतं. म्हणून `CP_DIST` दोन मीटर ठेवलं आहे. अर्धा मीटर ठेवलं असतं, तर नेहमीच्या उड्डाणात चाललं असतं आणि केबल निसटल्यावर गोधडी गाठली असती.

पण या सगळ्यासाठी एक अट आहे. निरोप यायचा थांबला पाहिजे. माझ्या प्रोग्रॅमने तो थांबू दिला नव्हता. चित्र आलं नाही म्हणून होणारी चूक मी पकडली होती, आणि 'प्रोग्रॅम बंद पडू नये' म्हणून जुनीच अंतरं पुढे पाठवत ठेवली होती. नियंत्रकाकडे माहिती नसणं ओळखायची उत्तम सोय होती आणि मी तीच निकामी केली होती. आता तिथे हे आहे:

```python
while True:
    try:
        f = pipe.wait_for_frames(200).get_depth_frame()
    except RuntimeError:
        continue              # गप्प राहा
    if not f or f.get_frame_number() == last:
        continue
    last = f.get_frame_number()
    send(f)
```

प्रत्येक चित्राला कॅमेरा क्रमांक देतो. क्रमांक पुढे सरकला नसेल, तर चित्र जुनं आहे. २०० मिलिसेकंद वाट पाहूनही नवं आलं नाही, तर काहीही पाठवायचं नाही. नवं चित्र आल्याशिवाय निरोप नाही, एवढा एक नियम पाळला की केबल निसटणं, कॅमेरा तापून बंद पडणं, पायचा वीजपुरवठा तुटणं, प्रोग्रॅम अडकणं या सगळ्या बिघाडांचा शेवट एकच होतो: शांतता. आणि शांततेचा अर्थ नियंत्रकाला ठाऊक आहे.

जोडणीबद्दल थोडं सांगून पुढे जातो, कारण निम्मे बिघाड तिथे असतात. पाय नियंत्रकाच्या `TELEM2` या तोंडाला तीन तारांनी जोडायचा: याची पाठवणारी तार त्याच्या ऐकणाऱ्या टोकाला, त्याची याच्या, आणि दोघांची जमीन एक. पायला ५ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा द्यायचा, ३ अँपिअर देऊ शकणारा. नियंत्रकाच्या तोंडातून वीज घेतली तर कॅमेरा चालू होताच पाय गचके खातो. यूएसबी ३ची केबल जीपीएसच्या अँटेनाजवळून नेऊ नये. तिच्यातून निघणारा रेडिओ गोंगाट उपग्रहांचे दुबळे संदेश बुडवतो, आणि मग कॅमेरा चालू केला की उपग्रहांची संख्या घटते असं कोडं पडतं. आम्ही जीपीएस एका दांडीवर वर चढवला आणि केबल आखूड, चांगल्या वेष्टणाची घेतली. आणि हो, ती केबल आता कॅमेऱ्याच्या खोबणीत स्क्रूने आवळलेली आहे.

चाचणी मात्र घाईने उरकू नये. पहिला दिवस पाती काढून. ड्रोन हातात धरून गोधडीकडे चालत जायचं आणि दुसऱ्याने लॅपटॉपवर क्यूग्राउंडकंट्रोलच्या `MAVLink Inspector` मध्ये आकडे वाचायचे. मामा मोठ्याने वाचत होता, "चारशे वीस, साडेतीनशे, दोनशे नव्वद..." आणि जमिनीवर टेपने खुणा केल्या होत्या, त्यांच्याशी ते ताडून पाहिले. मग गोधडीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर कॅमेरा नेला. आकडा ६५५३५ झाला पाहिजे. तिथे ५०१ दिसला तर तुमचा प्रोग्रॅम भिंतीला आकाश समजतोय, उडवू नका. त्यानंतर हातात धरूनच केबल उपटायची आणि निरोपांचा वेग शून्यावर येतो का ते पाहायचं.

हे जमल्यावरच पाती लावायची. मोकळ्या जागेत, दोन मीटर उंचीवर, आधी गोधडीकडे पाठ करून तरंगत ठेवायचा आणि पायवर प्रोग्रॅम थांबवायचा. इशारा यायला हवा, आणि काठी पुढे ढकलली तरी ड्रोन जागचा हलायला नको. मग मोड बदलून तो आपल्या ताब्यात परत घेता येतो का, हे पाहायचं. `Altitude` मोडची कळ बोटाखाली असायलाच हवी, कारण ज्या क्षणी ड्रोन चुकीच्या कारणाने अडून बसेल, त्या क्षणी त्याला बाहेर काढणारा माणूसच असतो. सगळ्यात शेवटी गोधडी. तीही आधी सेकंदाला एक मीटरने, मग दोन, मग तीन. गोधडीच का, याचं आणखी एक कारण आता कळलं असेल. थांबला नाही तर पाती मोडतात, पण ड्रोन वाचतो.

थांबण्याबद्दल एक गोष्ट उशिरा लक्षात आली. ड्रोन थांबला म्हणजे तो सुरक्षित झाला असं नाही. हवेत तरंगत थांबण्यासाठी त्याला आपण कुठे आहोत हे कळावं लागतं. मोठ्या आंब्याखाली पानांच्या छतामुळे जीपीएस डळमळतो आणि 'थांबलेला' ड्रोन हळूहळू वाहत जातो. शिवाय बॅटरी संपत असतेच. बॅटरी उतरली की घरी परत यायचं, असं आपण सांगून ठेवलेलं असतं, आणि परत येताना पीएक्स४ आधी सरळ वर चढतो. ही उंची बदलली नसेल तर साठ मीटर. कॅमेरा समोर पाहतो, वर पाहत नाही. फांदीखाली शहाण्यासारखा थांबलेला ड्रोन चार मिनिटांनी स्वतःच फांदीत जाऊन अडकेल. म्हणून बागेत उडवताना बॅटरी उतरल्यावर 'जिथे आहेस तिथे उतर' हा पर्याय ठेवतो. तसंच, आधी आखलेल्या मार्गावरच्या स्वयंचलित उड्डाणाला, म्हणजे मिशनला, ही पीएक्स४ची राखण लागू होत नाही. तिथे डोळे असूनही ड्रोन आंधळाच असतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. भारतात २०२१च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचा ड्रोन मायक्रो वर्गात येतो, आणि आमचा त्यातच बसतो. छंदासाठी उडवताना या वर्गाला पायलट परवाना लागत नाही. उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा हिरव्या क्षेत्रात आहे ना, ते मात्र दर वेळी पाहतो.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी पुन्हा उडवला. ऊन उतरलं होतं, झाडांच्या ओळी काळवंडत होत्या. गोधडीकडे तो चार वेळा गेला आणि चारही वेळा दोन मीटरच्या आसपास थांबला. मग मी त्याला दोन ओळींच्या मधून बागेत न्यायला काठी पुढे केली. थोडा गेला आणि मोकळ्यातच उभा राहिला. समोर काहीच नव्हतं, मला तरी दिसत होतं. मामा लॅपटॉपवरून म्हणाला, "अरे, मधल्या सात-आठ घरांत पासष्ट हजार दाखवतंय." कॅमेऱ्याचा स्वतःचा प्रकाश दोन-तीन मीटरवरच्या खोडांपर्यंत पोहोचत होता, त्यांचे आकडे कडेच्या घरांत नीट येत होते. त्यापलीकडचा अंधार त्याला वाचता येत नव्हता. मी काठी सोडली, ड्रोन तिथेच उतरवला आणि बॅटरी काढून घेतली.